एआयडीए आणि परिणाम-श्रेणी: पायऱ्या कुठपर्यंत खऱ्या आणि त्यांवर जाहिरात कशी आखावी

प्रश्न: मी एका जाहिरात संस्थेत नियोजन विभागात नवीन आहे. कपडे धुण्याच्या एका द्रव साबणाचे कॅम्पेन आखायचे आहे. वरिष्ठांनी एआयडीए आणि हायरार्की ऑफ इफेक्ट्स वापरून ब्रीफ लिहायला सांगितले आहे. पण ग्राहक असा एकेक पायरी चढत खरेदीपर्यंत जातच नाही, अशी टीकाही मी वाचली आहे. मग ही मॉडेल्स वापरायची की नाहीत, आणि वापरायची तर कशी?

उत्तर: वापरावीत, पण दोन्हींचे काम वेगळे आहे हे आधी ठरवून घ्यावे. एआयडीए ही एका जाहिरातीची अंतर्गत रचना तपासण्यासाठी उपयोगी आहे. परिणाम-श्रेणीचा, म्हणजे हायरार्की ऑफ इफेक्ट्सचा, उपयोग कोणत्या गोष्टी मोजायच्या याची यादी म्हणून होतो. परंतु यांपैकी कोणतेही मॉडेल ग्राहक कोणत्या क्रमाने बदलतो हे सांगत नाही. तो क्रम गृहीत धरून ब्रीफ लिहिले, तर आकडे बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो. हे नेमके कसे घडते ते तुमच्याच उत्पादनासारख्या एका उदाहरणावरून पुढे दाखवतो.

प्रथम ही मॉडेल्स कोठून आली ते थोडक्यात पाहू, कारण त्यांच्या मर्यादा त्यांच्या उगमातच आहेत. एआयडीएचा, म्हणजे लक्ष, रस, इच्छा आणि कृती या चार टप्प्यांचा, उगम साधारणपणे अमेरिकन जाहिराततज्ज्ञ एल्मो लुईस यांच्याकडे नेला जातो. 1898 च्या सुमारास त्यांनी पहिले तीन टप्पे मांडले आणि कृतीचा टप्पा पुढे जोडला गेला, असे एडवर्ड स्ट्राँग यांनी 1925 मध्ये नोंदवले. हा सगळा विचार विक्रीकलेच्या चर्चेत वाढला. विक्रेता आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसले आहेत, संभाषणाला सुरुवात आणि शेवट आहे, आणि विक्रेत्याला गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून पुढचे वाक्य ठरवता येते, अशी परिस्थिती त्यामागे आहे. अशा एकाच बैठकीत क्रम खरोखर असतो, कारण ज्याने ऐकलेच नाही त्याला रस वाटणे शक्य नाही.

परिणाम-श्रेणीची सर्वाधिक वापरली जाणारी मांडणी रॉबर्ट लॅव्हिज आणि गॅरी स्टाइनर यांनी 1961 मध्ये केली. तिच्यात जाणीव, माहिती, आवड, पसंती, खात्री आणि खरेदी अशा सहा पायऱ्या आहेत. पहिल्या दोन विचाराच्या, मधल्या दोन भावनेच्या आणि शेवटच्या दोन कृतीकडे नेणाऱ्या मानल्या जातात. त्याच वर्षी रसेल कोली यांनी जाहिरातीची उद्दिष्टे विक्रीच्या भाषेत न लिहिता संवादाच्या भाषेत लिहावीत, असा आग्रह धरणारी डॅगमार पद्धत मांडली. तिच्यातील गाजलेले उदाहरण योगायोगाने तुमच्याच क्षेत्रातले आहे: स्वयंचलित धुलाईयंत्र असलेल्या तीन कोटी गृहिणींपैकी अमुक ब्रँडला कमी फेसाचा साबण म्हणून ओळखणाऱ्या आणि तो कपडे अधिक स्वच्छ करतो हे पटलेल्या गृहिणींचे प्रमाण एका वर्षात 10 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर नेणे. कोणाच्या बाबतीत, काय, किती आणि कधीपर्यंत, हे चारही प्रश्न एका वाक्यात बांधण्याची ही शिस्त आजही उत्तम आहे आणि तुमच्या ब्रीफमध्ये ती असलीच पाहिजे. कोणती गोष्ट 10 वरून 40 वर न्यायची याची निवड मात्र ही पद्धत करून देत नाही. ती निवड पायऱ्यांच्या क्रमावर सोपवली की अडचण सुरू होते.

लॅव्हिज आणि स्टाइनर यांच्यावर टीका करताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. पायऱ्यांमधील अंतरे सारखी नसतात आणि काही वेळा ग्राहक एकदम अनेक पायऱ्या चढतो, हे त्यांनी स्वतःच लिहिले होते. पाठ्यपुस्तकांतील त्रिकोणाच्या आणि गाळणीच्या आकृत्यांमध्ये ही सावधगिरी गळून गेली आणि उरला तो एकच सरळ मार्ग.

आता उदाहरण घेऊ. पुढचे आकडे कोणत्याही प्रत्यक्ष सर्वेक्षणातले नाहीत. गणित स्वच्छ दिसावे म्हणून मी ते मांडले आहेत. समजा, तुमच्या लक्ष्यगटातील 1000 कुटुंबांची पाहणी केली. त्यांपैकी 720 जणांनी ब्रँडचे नाव ऐकले आहे. थंड पाण्यातही डाग निघतात, हा त्याचा मुख्य गुण 400 जणांना माहीत आहे. ब्रँड आवडतो असे 260 जण म्हणतात आणि इतर ब्रँडांपेक्षा तो अधिक पसंत आहे असे 120 जण म्हणतात. गेल्या तीन महिन्यांत तो एकदा तरी विकत घेतलेली कुटुंबे 180 आहेत.

पायऱ्यांच्या रीतीने हे वाचणारा नियोजक कोठे सर्वाधिक माणसे गळतात ते पाहतो. नाव आणि गुण यांच्यामध्ये 320 जण गळतात, ही सर्वांत मोठी गळती आहे. त्यावरून ब्रीफ तयार होते: थंड पाण्याचा गुण समजावून सांगा, माहिती असणाऱ्यांचे प्रमाण वाढवा, म्हणजे आवड वाढेल, आवडीतून पसंती आणि पसंतीतून विक्री. बैठकीत हे लगेच पटते, कारण तक्त्याचा प्रत्येक आकडा त्यात वापरलेला असतो.

तक्त्यात पहिली शंका घेण्याजोगी जागा शेवटच्या दोन आकड्यांत आहे. पसंत करणारे 120 आणि घेणारे 180. पसंती ही खरेदीच्या आधीची अनिवार्य पायरी असती तर असे होणे शक्य नव्हते. रोजच्या वापराच्या वस्तूंमध्ये हे नेहमीच दिसते. एकाच घरात दोन-तीन ब्रँड आलटून पालटून येतात, नेहमीचा मिळाला नाही म्हणून दुसरा घेतला जातो, मोठी बाटली सवलतीत मिळाली म्हणून तिसरा येतो. अशा खरेदीला पसंतीची गरज नसते. नाव ओळखीचे असणे आणि ते घ्यायला हरकत नसणे एवढे पुरते.

दुसरी तपासणी प्रत्येक नियोजकाने कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी केलीच पाहिजे: तोच तक्ता घेणारे आणि न घेणारे असा विभागून मागवावा. आपल्या उदाहरणात 180 घेणाऱ्यांपैकी 150 जणांना गुण माहीत आहे आणि 145 जणांना ब्रँड आवडतो. न घेणाऱ्या 820 जणांपैकी 250 जणांना गुण माहीत आहे आणि फक्त 115 जणांना ब्रँड आवडतो. म्हणजे घेणाऱ्यांत आवड सुमारे 80 टक्के आणि न घेणाऱ्यांत 14 टक्के. आवडीमुळे खरेदी होते याचा हा पुरावा आहे, असे पहिल्या नजरेत वाटते. पण वापरल्यामुळे आवड निर्माण झाली असती, तरी तक्ता हुबेहूब असाच दिसला असता. एकदाच केलेल्या पाहणीतून बाणाची दिशा कळत नाही. क्रिस्टियन पाल्डा यांनी 1966 मध्ये परिणाम-श्रेणीवर घेतलेल्या आक्षेपाचा गाभा हाच होता. आवड किंवा जाणीव आणि खरेदी एकत्र आढळतात, एवढ्यावरून पहिली दुसरीच्या आधी येते किंवा तिला कारणीभूत होते, हे सिद्ध होत नाही.

दिशा कळण्यासाठी त्याच माणसांना पुन्हा भेटावे लागते. समजा, तीन महिन्यांनी आपण त्याच 820 न घेणाऱ्या कुटुंबांना पुन्हा विचारले आणि सोयीसाठी असे धरू की सगळी भेटली. आधी आवड सांगणाऱ्या 115 पैकी 23 कुटुंबांनी या काळात ब्रँड घेतला, म्हणजे 20 टक्के. आवड न सांगणाऱ्या 705 पैकी 71 कुटुंबांनी घेतला, म्हणजे साधारण 10 टक्के. आवड असेल तर खरेदीची शक्यता दुप्पट होते, असे एक वाक्य यातून निघते आणि ते खरे आहे. पण दुसरे वाक्यही तितकेच खरे आहे: 94 नव्या खरेदीदारांपैकी 71, म्हणजे तीन चतुर्थांश, आवडीच्या पायरीवर नसलेल्या लोकांतून आले. तुम्ही आधी आवड वाढवायची आणि मग खरेदीची वाट पाहायची असे ठरवले, तर ज्या गटातून बहुसंख्य ग्राहक येणार आहेत त्याच्याकडे थेट पाहतच नाही.

येथे टीकेच्या बाजूनेही घाई होते, म्हणून थोडे थांबतो. या 71 पैकी काही जण पहिली आणि दुसरी भेट यांच्या मधल्या तीन महिन्यांत रीतसर सगळ्या पायऱ्या चढले असू शकतात. आपण ते पाहिले नाही, एवढेच. म्हणून दुसऱ्या भेटीत आणखी एक आकडा लागतो. समजा, 71 पैकी 44 जण आता ब्रँड आवडतो असे म्हणतात आणि 27 जण विकत घेऊनही तसे म्हणत नाहीत. या 27 जणांच्या बाबतीत क्रम बहुधा मोडला. उरलेल्या 44 जणांच्या बाबतीत आवड आधी आली की बाटली वापरल्यावर, हे अजूनही सांगता येत नाही. ते ठरवायचे असेल तर न घेणाऱ्या कुटुंबांतून चिठ्ठ्या टाकून निम्मी निवडावीत, त्यांना नमुन्याची छोटी बाटली द्यावी आणि महिन्याभराने दोन्ही गटांतील आवड मोजावी. जाहिरात दोन्ही गटांना सारखीच दिसत असताना नमुना मिळालेल्यांची आवड वर गेली, तर ती वाढ वापरातून आली हे कळते. हा प्रयोग महागडा नाही आणि अनेक कॅम्पेनच्या आधी तो सहज करता येतो. तरीही तो क्वचितच होतो, याचे मला वाईट वाटते.

वापर आधी आणि मत नंतर, या क्रमाला अभ्यासात जुना आधार आहे. हर्बर्ट क्रुगमन यांनी 1965 मध्ये असे मांडले की टीव्हीवरील बऱ्याच जाहिराती माणूस फारसे मन न गुंतवता पाहतो. वारंवार पाहून त्याच्या डोक्यात ब्रँडची प्रतिमा हळूहळू बदलते, पण मत तयार होते ते खरेदीनंतर. मायकेल रे यांनी 1973 मध्ये असे तीन क्रम वेगळे केले. मनाची गुंतवणूक मोठी आणि पर्यायांत फरक ठळक असेल तर विचार, भावना, कृती. गुंतवणूक मोठी पण पर्याय सारखेच असतील तर आधी कृती, मग आपल्या निवडीला अनुकूल अशी भावना, आणि शेवटी तिला पुष्टी देणारी माहिती. गुंतवणूकच कमी असेल तर थोडी ओळख, मग कृती आणि त्यानंतर भावना. अँड्र्यू एहरनबर्ग यांनी 1974 मध्ये वारंवार खरेदीच्या वस्तूंसाठी जाणीव, वापरून पाहणे आणि दृढीकरण अशी साखळी मांडली. तिच्यात जाहिरातीचे मोठे काम नव्याला पटवणे हे नसून, जो अधूनमधून घेतोच त्याच्या मनात ब्रँड जागा ठेवणे हे आहे. तुमचा द्रव साबण रे यांच्या तिसऱ्या क्रमात बसतो आणि एहरनबर्ग यांच्या साखळीत तर नेमका बसतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणजे मोटार. तेथे पहिला क्रम बराचसा लागू पडतो, पण तेथेही वाट एकाच दिशेची नाही. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकतीच गाडी घेतलेल्या लोकांच्या वाचनाची नोंद घेतली होती. त्यांनी विचारात घेऊनही नाकारलेल्या गाड्यांच्या जाहिरातींपेक्षा, स्वतः घेतलेल्या गाडीच्या जाहिराती अधिक वाचल्याचे आढळले. म्हणजे खरेदी ही शेवटची पायरी असली तरी तिथून पुन्हा लक्ष आणि रस सुरू होतो. नियोजकाला याचा फटका एका विशिष्ट ठिकाणी बसतो: कॅम्पेन संपल्यावर जाहिरात आठवणारे आणि न आठवणारे यांच्या खरेदीची तुलना केली जाते आणि आठवणाऱ्यांत खरेदी जास्त दिसते. ब्रँड वापरणाऱ्यालाच त्याची जाहिरात अधिक लक्षात राहते, म्हणून हा फरक जाहिरातीच्या परिणामापेक्षा फुगलेला असतो. जाहिरात न दाखवलेला, पण बाकी सर्व बाबतीत सारखा असा एखादा भाग राखून ठेवला असेल, तरच खरा फरक कळतो.

1999 मध्ये डेमेट्रिओस व्हॅक्रॅट्सस आणि टिम अँब्लर यांनी अडीचशेहून अधिक लेख आणि पुस्तकांचा आढावा घेतला. जाहिरातीचे परिणाम ठरलेल्या कालक्रमानेच होतात, याला पुरेसा आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी पायऱ्यांऐवजी विचार, भावना आणि अनुभव या तीन बाजूंची एक जागा कल्पिली आणि उत्पादनानुसार कोणत्या बाजूला किती वजन आहे ते पाहावे असे सुचवले. मला या मांडणीतील अनुभव ही तिसरी बाजू सर्वांत मोलाची वाटते, कारण जुन्या सहा पायऱ्यांत आधीच्या वापराला कुठेच जागा नाही. जणू प्रत्येक ग्राहक ब्रँडला प्रथमच भेटत आहे, असे तेथे गृहीत धरलेले असते.

मग परिणाम-श्रेणीत टिकण्याजोगे काय उरते? आपल्याच उदाहरणातला पहिला आकडा पुन्हा पाहू. न घेणाऱ्या 820 पैकी 545 जणांनी नाव ऐकले होते आणि 275 जणांनी नव्हते. समजा, 94 नव्या खरेदीदारांपैकी 81 नाव ऐकलेल्यांतले आणि 13 न ऐकलेल्यांतले निघाले. म्हणजे नाव ऐकलेल्यांत सुमारे 15 टक्के आणि न ऐकलेल्यांत 5 टक्क्यांहून कमी. खरेदीची शक्यता आवडीमुळे दुपटीने वाढली होती, नावाच्या ओळखीमुळे ती तिपटीने वाढलेली दिसते, आणि ही पायरी गाठलेले लोक संख्येनेही कितीतरी जास्त आहेत. या ओळखीवर जुन्या जाहिराती, दुकानातील मांडणी, शेजारपाजारची चर्चा असे इतर प्रभावही असतील, म्हणून या फरकाचे सगळे श्रेय ओळखीला देऊ नये. तरीही जाणीव, माहिती, आवड अशा गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या म्हणूनच आपण ही तुलना करू शकलो. श्रेणीचा हा उपयोग पक्का आहे.

यावरून तुमचे ब्रीफ असे बदलेल. मूळ ब्रीफ म्हणत होते की न घेणाऱ्यांपैकी गुण माहीत असणाऱ्यांचे प्रमाण 30 वरून 50 टक्क्यांवर न्यावे. त्याऐवजी मी असे लिहीन: सध्या न घेणाऱ्या कुटुंबांपैकी तीन महिन्यांत एकदा तरी घेणाऱ्यांचे प्रमाण 11.5 वरून 15 टक्क्यांवर न्यायचे आहे. त्यासाठी नाव झाकलेल्या बाटलीचे चित्र पाहून ब्रँड ओळखणाऱ्यांचे प्रमाण अमुक पातळीवरून अमुक पातळीवर वाढवायचे आहे, आणि जाहिरात न दाखवलेल्या भागाशी तुलना करून दोन्ही मोजायचे आहेत. थंड पाण्याचा गुण जाहिरातीत राहील, पण एका ओळीत, घ्यायला कारण म्हणून. तीस सेकंदांचा मोठा भाग तो समजावण्यात खर्च होणार नाही. बाटलीचा आकार, रंग आणि नाव सुरुवातीच्या काही सेकंदांतच ठसठशीत दिसले पाहिजेत, कारण खरेदीच्या वेळी माणसाला जे ओळखायचे आहे ते हेच. नमुन्याच्या बाटलीवरचा खर्च त्याच ब्रीफमध्ये मांडावा, कारण या उत्पादनात आवडीचा मोठा स्रोत जाहिरातीपेक्षा वापर असण्याची शक्यता जास्त आहे. तो वेगळ्या खात्यात गेला की दोन्हींची सांगड तुटते. आधीच घेणाऱ्या 180 कुटुंबांसाठी वेगळी जाहिरात लागणार नाही, पण तीच जाहिरात त्यांना दाखवून पाहावी आणि ती त्यांच्या रोजच्या अनुभवाशी जुळते का ते तपासावे. डाग निघत नसताना निघतात असे सांगणारी जाहिरात याच गटात सर्वाधिक नुकसान करते.

एआयडीएचे काम यानंतर, संहिता हातात आल्यावर सुरू होते. एकच जाहिरात एकाच बैठकीत पाहिली किंवा वाचली जाते, आणि तेवढ्या मर्यादेत क्रम खरा असतो. म्हणून छापील जाहिरातीत, पत्रात किंवा ऑनलाइन खरेदीच्या पानावर एआयडीए अजूनही चांगले चालते. मथळ्याने थांबवले नाही तर मजकूर वाचला जात नाही आणि शेवटी काय करायचे ते सांगितले नाही तर इच्छा झालेला वाचकही निघून जातो. तुमच्या संहितेला चार साधे प्रश्न विचारावेत. पाहणारा कोणत्या क्षणी थांबतो? त्या क्षणी पडद्यावर ब्रँड आहे का? पुढे पाहत राहण्याचे कारण उत्पादनाशी जोडलेले आहे की केवळ गोष्टीशी? आणि शेवटी त्याने नेमके काय करावे? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक संहिता अडखळतात. त्या लक्ष वेधतात एका प्रसंगाने आणि ब्रँड आणतात शेवटच्या चौकटीत, तेव्हा पाहणाऱ्याला प्रसंग आठवतो आणि साबण दुसऱ्याच ब्रँडचा आठवतो. चाचणीत हे ओळखणे सोपे आहे: जाहिरात दाखवल्यानंतर दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला लावा आणि मग ब्रँडचे नाव विचारा. या दोन उत्तरांमधील अंतर मोठे असेल तर संहिता परत पाठवावी.

वरिष्ठांना ब्रीफ दाखवताना सहा पायऱ्यांचा तक्ता जरूर ठेवावा, पण प्रत्येक आकड्याशेजारी घेणारे आणि न घेणारे असे दोन रकाने करावेत आणि पायऱ्या जोडणारे बाण काढून टाकावेत. बाण हवेतच असा आग्रह झाला, तर दुसऱ्या भेटीच्या पाहणीसाठी मंजुरी मागावी. पहिल्या पाहणीत प्रत्येक कुटुंबाचा सांकेतिक क्रमांक आणि पुन्हा संपर्क करण्याची परवानगी घेऊन ठेवली नसेल, तर ती दुसरी भेट पुढे शक्य होत नाही. म्हणून प्रश्नावली छापायला जाण्यापूर्वीच संशोधन संस्थेला हे कळवावे.